‘सहा महिने प्रोबेशन’ एवढ्यावर राजीनामा टाकू नका

प्रश्न: हिंजवडीत चार वर्षं झाली, इथे नोटीस ९० दिवसांची आहे. खराडीतल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत सिलेक्शन झालंय. फिक्स्ड १० लाख ८० हजार, व्हेरिएबल १ लाख २० हजार, वर १ लाख जॉइनिंग बोनस. रिक्रुटर कन्सल्टन्सीची आहे. ती म्हणाली, “सहा महिने प्रोबेशन, मग कन्फर्म, सगळं स्टँडर्ड आहे.” ऑफर लेटर दोन पानी आहे, त्यात याहून जास्त काही नाही. प्रोबेशनमधल्या नोटीसबद्दल विचारलं तर ‘हा येण्याआधीच जायचा विचार करतोय’ असं वाटेल का? नक्की काय विचारू, कोणाला आणि कसं?

उत्तर:

विचारा, आणि इथला राजीनामा टाकण्याआधी विचारा. एकदा राजीनामा मंजूर झाला आणि ९० दिवसांचं घड्याळ सुरू झालं की तुमच्या प्रश्नांना वजन उरत नाही. पहिल्या स्क्रीनिंग कॉलवर हे विषय काढणं खरोखरच विचित्र दिसतं, पण सिलेक्शन होऊन पगार ठरल्यावर आणि ऑफर स्वीकारल्याचा मेल जाण्याआधी ते विचारणं अगदी रीतसर आहे.

आधी समोरची व्यक्ती कोण आहे ते समजून घ्या. कन्सल्टन्सीच्या रिक्रुटरकडे जॉब डिस्क्रिप्शन, बजेट आणि जॉइनिंगची तारीख असते. कंपनीचं अपॉइंटमेंट लेटर तिने बहुधा पाहिलेलंही नसतं. तिची फी तुम्ही रुजू झाल्यावर निघते, आणि करारात साधारण ६० किंवा ९० दिवसांची रिप्लेसमेंटची अट असते. म्हणजे तेवढ्या दिवसांत उमेदवार गेला तर तिला फुकटात दुसरा माणूस शोधून द्यावा लागतो. त्यामुळे “स्टँडर्ड आहे” हे उत्तर खोटं नसलं तरी ते माहितीतून आलेलं नसतं. तिच्याकडून दोनच गोष्टी काढायच्या: कंपनीच्या एचआरमध्ये हे कोणाला विचारायचं, आणि अपॉइंटमेंट लेटरचा नमुना पाहायला मिळेल का.

ही दुसरी मागणी सगळ्यात महत्त्वाची. आपल्याकडे ऑफर लेटर हे पगाराचा तक्ता आणि जॉइनिंगची तारीख एवढ्यापुरतंच असतं. प्रोबेशन कसं वाढतं, कोण कधी किती नोटीस देतं, वसुली कशावर होते, हे सगळं अपॉइंटमेंट लेटरात असतं. ते हातात पडतं जॉइनिंगच्या दिवशी, आधार-पॅनच्या झेरॉक्स आणि पीएफच्या फॉर्मबरोबर सह्यांच्या गठ्ठ्यात. तेव्हा तुमची जुनी नोकरी संपलेली असते. बऱ्याच कंपन्या नाव आणि आकडे वगळून नमुना पाठवतात. काही म्हणतात, “लेटर देता येणार नाही, पण कलमं मेलवर सांगतो.” तेही चालेल. दोन्हीला नकार मिळाला तर त्याची नोंद मनात ठेवा.

आता नेमकं विचारायचं काय? मुदत सहा महिने आहे हे तुम्हाला कळलंय, पण त्याने फारसं काही कळत नाही. प्रोबेशन तारखेने संपतं की पत्राने, हा खरा प्रश्न आहे.

लेटरातलं वाक्य दोनपैकी एका धाटणीचं असतं. पहिली धाटणी: ‘सहा महिने पूर्ण झाल्यावर, कंपनीने लेखी मुदतवाढ दिली नसेल तर, तुम्ही कन्फर्म समजले जाल.’ दुसरी: ‘कंपनी लेखी कन्फर्मेशन देईपर्यंत तुम्ही प्रोबेशनवरच असल्याचं धरलं जाईल.’ कानाला दोन्ही सारखीच वाटतात. पण पहिल्यात काही न घडणं तुमच्या बाजूने जातं, तर दुसऱ्यात तेच तुमच्या विरुद्ध जातं. एचआर पत्र काढायला विसरलं, मॅनेजर बदलला किंवा फॉर्म अडकून राहिला, तर दुसऱ्या धाटणीत तुम्ही आठव्या, दहाव्या महिन्यातही प्रोबेशनवरच.

“कायद्याने सहा महिन्यांनंतर आपोआप कन्फर्म होतो” असं कँटीनमध्ये हमखास ऐकू येतं. त्यावर विसंबू नका. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली पंजाब राज्य विरुद्ध धरमसिंग या सरकारी सेवेतल्या खटल्यात आपोआप कन्फर्मेशन मान्य केलं, पण तिथे नियमांतच प्रोबेशनची कमाल मर्यादा तीन वर्षं अशी बांधलेली होती आणि त्यापुढे वाढवायची सोय नव्हती. पत्रात मुदतवाढीचा अधिकार मोकळा ठेवलेला असेल आणि कमाल मर्यादा लिहिलेली नसेल, तर नुसत्या तारीख उलटण्याने कन्फर्मेशन होत नाही. खाजगी ऑफिसातल्या बहुतेक पदांना शेवटी पत्रातली भाषाच लागू पडते. म्हणून लगेच पुढचा प्रश्न: “मुदतवाढ जास्तीत जास्त किती आणि किती वेळा? ती लेखी, कारणासकट आणि मुदत संपायच्या आत दिली जाते का?” ‘एकदाच, कमाल तीन महिने, लेखी’ हे समाधानकारक उत्तर. ‘मॅनेजमेंटच्या मर्जीनुसार’ हे उत्तर आलं तर निदान कमाल किती ते मेलवर घ्या.

तुमचेच आकडे धरून हे तपासू. समजा तुम्ही १ जुलैला रुजू झालात. सहा महिने ३१ डिसेंबरला भरतात. काही कंपन्या १८० दिवस धरतात, म्हणजे २७ डिसेंबर. चार दिवसांच्या फरकाने एरवी काही बिघडत नाही, पण एचआरची सिस्टीम नेमकी याच तारखेला गडबड करते. ती कुठे, ते पुढे येईल. आता मॅनेजरने तीन महिन्यांची मुदतवाढ दिली. नवी तारीख ३१ मार्च आणि कन्फर्मेशन १ एप्रिलपासून. कंपनीच्या व्हेरिएबलच्या पॉलिसीत ‘३१ मार्चला कन्फर्म असलेल्या कर्मचाऱ्यांनाच लागू’ अशी ओळ असेल, तर एका दिवसाने त्या वर्षाचं व्हेरिएबल गेलं. नऊ महिन्यांच्या हिशेबाने तुमचे ९० हजार. एप्रिलच्या इन्क्रिमेंटलाही हीच अट असेल तर पुढची वाढ थेट त्यापुढच्या एप्रिलला. म्हणून ‘व्हेरिएबल आणि अप्रेझलसाठी कन्फर्म असणं लागतं का, आणि कोणत्या तारखेला?’ हा प्रश्न पगाराच्या चर्चेतच मिसळून टाका. तिथे तो अगदी साहजिक वाटतो.

कन्फर्मेशनचे निकष हा भाग रिक्रुटरला विचारून फारसं हाती लागत नाही. “परफॉर्मन्सवर असतं” यापलीकडे ती काय सांगणार! हा प्रश्न ज्याच्या हाताखाली काम करणार त्या मॅनेजरचा आहे. ऑफरनंतर १५ मिनिटांचा कॉल मागा, सहसा मिळतो. विचारायचं ते असं: “सहाव्या महिन्याच्या शेवटी माझ्या फॉर्मवर ‘कन्फर्म’ लिहिताना तुम्ही कोणत्या दोन-तीन गोष्टी बघाल? तिसऱ्या महिन्यात मध्यंतरीचा रिव्ह्यू होतो का? फॉर्म फक्त तुम्ही भरता की वरच्यांचीही मंजुरी लागते?” आणि जमल्यास, “गेल्या वर्षभरात तुमच्या टीममध्ये कोणाचं प्रोबेशन वाढवलं का, कशामुळे?” या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकताना शब्दांपेक्षा किती पटकन आणि किती नेमकं आलं ते बघा. “एकाचं वाढवलं, तो रिलीज दोनदा चुकला होता,” असं सांगणाऱ्या मॅनेजरच्या डोक्यात निकष आहेत. “तसं काही नसतं हो, फॉर्मॅलिटी असते,” म्हणणाऱ्याच्या डोक्यात ते बहुधा नाहीत, आणि त्याच्याकडचे फॉर्म उशिरा जातात.

कामाशी काही संबंध नसलेल्या कारणांनीही कन्फर्मेशन अडतं, आणि तुमच्यासारख्या अनुभवी माणसाला त्याचाच धोका जास्त. सगळ्यात नेहमीचं म्हणजे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन. जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर आलेलं नाही, चार वर्षांपूर्वीच्या छोट्या कंपनीचा एचआर मेलला उत्तर देत नाही, पीएफच्या नोंदीतली सोडल्याची तारीख आणि लेटरातली तारीख जुळत नाही, आणि फाइल प्रलंबित. बऱ्याच लेटरांत ‘व्हेरिफिकेशन समाधानकारक पूर्ण होण्याच्या अधीन’ अशी ओळ असते आणि तिला मुदत नसते. विचारा: “व्हेरिफिकेशन जॉइनिंगआधी होतं की नंतर, आणि साधारण किती दिवसांत?” जॉइनिंगआधी होत असेल तर उत्तमच. तुमची पीएफची सर्व्हिस हिस्टरी मात्र आजच उघडून बघा. तारीख चुकीची असेल तर ती दुरुस्त करून घ्यायला कंपनीची मदत लागू शकते, आणि ती तुम्ही अजून तिच्या पटावर असताना लवकर मिळते.

दुसरं, काम क्लायंटच्या प्रोजेक्टवर असेल आणि रुजू झाल्यावर दोन-तीन महिने बेंचवर गेले, तर मूल्यमापन करायला कामच नसतं आणि ‘अजून पाहायला वेळ हवा’ म्हणून मुदतवाढ येते. सर्व्हिस कंपनीत जात असाल तर “प्रोजेक्ट ठरलेला आहे का, क्लायंटचा इंटरव्ह्यू बाकी आहे का?” हे विचाराच. तिसरं, काही पॉलिसींत बिनपगारी रजेचे दिवस प्रोबेशनमध्ये मिळवतात. दिवाळीत गावी जायला आठ दिवस बिनपगारी घेतले तर कन्फर्मेशनही आठ दिवस पुढे सरकतं. प्रोबेशनमध्ये पगारी रजा साचते का आणि वापरता येते का, हे या निमित्ताने कळून जाईल. पीएफ रुजू झाल्या दिवसापासून लागू होतो आणि ग्रॅच्युइटीसाठीची सेवाही त्याच दिवसापासून मोजतात. “ते कन्फर्मेशननंतर” असं कोणी म्हणालं तर ते चूक आहे.

आता नोटीस. इथेच तुमचा संकोच आहे, आणि पैशाचा सगळ्यात मोठा आकडाही इथेच आहे. विचारताना “मला सोडायचं असेल तर किती?” असं विचारू नका. “प्रोबेशनमध्ये दोन्ही बाजूंना नोटीस किती असते?” असं विचारा. माहिती तीच मिळते आणि रोख तुमच्या जाण्यावर येत नाही. रिक्रुटरला खरी भीती कशाची असते? तुम्ही ऑफर घेऊन ९० दिवस दुसरीकडे फिराल आणि जॉइनच होणार नाही याची. म्हणून कॉलची सुरुवात जॉइनिंगच्या तारखेने करा: “मॅडम, १ जुलै माझ्याकडून पक्की धरा. राजीनामा टाकण्याआधी टर्म्स एकदा नीट समजून घेतो, म्हणजे नंतर प्रश्न राहायला नको.” आधी मुदत, मग निकष, शेवटी नोटीस, या क्रमाने गेलात तर ते चौकसपणाचं लक्षण वाटतं.

उत्तरात तीन गोष्टी वेगवेगळ्या करून घ्या: कंपनीने काढलं तर किती दिवस, तुम्ही सोडलं तर किती दिवस, आणि नोटिसीऐवजी पैसे द्यायचे तर ते बेसिकवर की ग्रॉसवर. दोन्ही बाजूंना १५ किंवा ३० दिवस हे ठीक. पण अशीही लेटरं असतात: प्रोबेशनमध्ये कंपनी ७ दिवसांची नोटीस किंवा तेवढं बेसिक देऊन काढू शकते, कर्मचाऱ्याने मात्र ६० दिवसांची नोटीस द्यायची, नाहीतर ग्रॉसप्रमाणे भरपाई. तुमचा महिन्याचा फिक्स्ड ९० हजार. बेसिक निम्मं धरू, ४५ हजार. कंपनीने काढलं तर ती तुम्हाला १० हजार ५०० देऊन मोकळी. तुम्हाला तातडीने निघावं लागलं तर १ लाख ८० हजार भरा. यात जॉइनिंग बोनसची वसुली मिळवा. ‘१२ महिन्यांच्या आत कोणत्याही कारणाने नोकरी संपल्यास परत’ असं लिहिलेलं असेल तर कंपनीने स्वतः काढलं तरी तुमचा १ लाख परत जातो, आणि त्या साडेदहा हजारांच्या ऐवजी तुमच्या अंगावर जवळपास ९० हजार निघतात. तिथे ‘कर्मचाऱ्याने स्वतः राजीनामा दिल्यास किंवा गैरवर्तनामुळे काढल्यास’ एवढा बदल मागा. ही मागणी वाजवी आहे, आणि माझ्या मते या सगळ्या वाटाघाटीत ती सगळ्यात आधी करावी.

बाकी काय बदलून मिळेल? मोठ्या कंपनीत लेटरचा साचा कोणी तुमच्यासाठी बदलत नाही. तिथे मेलवर खुलासा मिळाला तरी पुष्कळ. मध्यम आणि छोट्या कंपन्यांत दोन्ही बाजूंना ३० दिवस, किंवा अनुभवी माणसाला सहाऐवजी तीन महिने प्रोबेशन, हे मागितल्यावर मिळू शकतं. मात्र प्रोबेशन छोटं करून घेण्याआधी कन्फर्मेशननंतरची नोटीस किती ते बघा. ती ९० दिवसांची असेल तर लवकर कन्फर्म होणं म्हणजे लवकर ९० दिवसांत अडकणं. नवी जागा पटतेय की नाही हे चाचपण्यासाठी सहा महिने ३० दिवसांच्या नोटिशीवर राहणं काही जणांना उलट सोयीचं पडतं. व्हेरिएबल हातचं जाणार नसेल तर मी तेच पसंत करेन.

आता ती १८० दिवसांची गडबड. अनेक एचआर सिस्टीम ठरावीक दिवशी कर्मचाऱ्याची स्थिती आपोआप ‘कन्फर्म’ करून नोटीस पिरियड ९० टाकतात, पत्र निघालेलं असो वा नसो. मग जानेवारीत कोणी राजीनामा दिला की एचआर पोर्टलवरचा ९० चा आकडा दाखवतं, आणि त्याच माणसाचं व्हेरिएबल मात्र ‘पत्र नाही, म्हणून प्रोबेशनवर’ असं सांगून नाकारलं जातं. म्हणून एक प्रश्न मुद्दाम विचारा: “सहा महिने झाले आणि पत्र आलं नाही, तर त्या काळात नोटीस प्रोबेशनची धरायची की नंतरची?” रिक्रुटरला हे माहीत नसेल. तिने एचआरला विचारून कळवावं.

फोनवरचं सगळं त्याच दिवशी संध्याकाळी मेलवर आणा, रिक्रुटरला आणि कंपनीच्या एचआरला एकत्र. मेल ऑफिसच्या शिरस्त्याप्रमाणे इंग्रजीत लिहा, मजकूर साधारण असा:

“आज फोनवर बोलल्याप्रमाणे माझी समज खाली देतो, काही चुकलं असेल तर कळवावं. प्रोबेशन १ जुलै ते ३१ डिसेंबर. मुदतवाढ फक्त एकदा, कमाल तीन महिने, मुदत संपण्याआधी लेखी. प्रोबेशनमध्ये नोटीस दोन्ही बाजूंना ३० दिवस. भरपाई द्यायची झाल्यास दोघांनाही बेसिकवर. लेखी कन्फर्मेशन मिळेपर्यंत हीच नोटीस लागू. जॉइनिंग बोनसची वसुली फक्त मी स्वतः राजीनामा दिल्यास किंवा गैरवर्तनामुळे काढल्यास. व्हेरिएबलसाठी कन्फर्मेशनची अट आहे का, ते कृपया कळवावं. आपल्या उत्तरानंतर मी राजीनाम्याची प्रक्रिया सुरू करतो.”

शेवटची ओळ वगळू नका, उत्तर लवकर यायला तिचाच उपयोग होतो. दोन कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर एक फोन करा. “हो, बरोबर आहे” एवढं एका ओळीचं उत्तर आलं तरी पुरे, फक्त ते कंपनीच्या मेल आयडीवरून यायला हवं. कन्सल्टन्सीच्या रिक्रुटरचं व्हॉट्सअॅपवरचं “येस” कंपनीला बांधत नाही.

जॉइनिंगच्या दिवशी हा मेल फोनवर उघडा ठेवा आणि अपॉइंटमेंट लेटरातली प्रोबेशन, नोटीस आणि वसुली ही तीनच कलमं त्याच्याशी ताडून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. बहुतेक लेटरांत ‘यापूर्वीचे सर्व संवाद या पत्राने रद्द होतात’ असं एक कलम असतं, त्यामुळे फरक दिसला आणि तरी तुम्ही सही केली तर मेलचा जोर बराच कमी होतो. फरक असेल तर तिथल्या एचआरला मेल दाखवून दुरुस्त पान मागा. “नंतर बघू” असं उत्तर आलं तर बाकीच्या फॉर्मवर सह्या करा आणि अपॉइंटमेंट लेटरसाठी एक दिवस मागून घ्या. त्या एका दिवसासाठी कोणी जॉइनिंग थांबवत नाही.